तीनशे तासांचा हिशेब

महिन्याच्या अठरा तारखेला प्लँट हेडने विचारलं, "मशिन शॉपचे ओटीचे किती तास उरलेत?" टाईम ऑफिसने हजेरी पाहून सांगितलं, १०२. मशिन शॉपच्या इन्चार्जने आपली वही उघडली आणि म्हणाला, ६४. अकाउंट्समधून उत्तर आलं की या महिन्याचा ओटीचा खर्च सध्या शून्य आहे, पगार निघाला की आकडा देतो. तिघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं, पण बरोबर उत्तर मात्र तिघांपैकी एकाकडेही नव्हतं.

हा कारखाना नमुन्यादाखल उभा केलेला आहे. चाकण, रांजणगाव, सातपूर किंवा वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत शोभेल असा. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा, मशिन शॉप, असेंब्ली, मेंटेनन्स, क्वालिटी आणि डिस्पॅच अशी खाती असलेला. आकडेही हिशेबाला सोपे जावेत असे घेतले आहेत. पण त्याची अडचण अगदी खरी आहे. बहुतेक कारखान्यांत दर महिन्याला प्रत्येक खात्याला ओटीचे तास ठरवून दिले जातात आणि बहुतेक ठिकाणी ते किती वापरले गेले हे महिना उलटल्यावर, पगारपत्रक हातात आल्यावर कळतं. तोवर खर्च होऊन गेलेला असतो.

तीनशे आले कुठून

मशिन शॉपला सप्टेंबरसाठी ३०० तास मिळाले होते. असा आकडा ठरवण्याची सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे गेल्या वर्षीच्या सप्टेंबरचा आकडा घ्यायचा आणि वरून कात्री लावायची. पण गेल्या वर्षी ओटी का झाला होता, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. तेव्हा एखादं मशिन आठवडाभर बंद पडलं असेल, तर त्या बिघाडाचे तासही यंदाच्या बजेटमध्ये मुकाट्याने येऊन बसतात.

या कारखान्याने तसं केलं नाही. मशिन शॉपमध्ये ५० कामगार. महिन्यात कामाचे दिवस २५, रोजची पाळी आठ तासांची. म्हणजे कागदावर १०,००० तास. पण पन्नासच्या पन्नास जण रोज येत नाहीत. रजा, आजारपण, गावची जत्रा, घरातलं लग्न मिळून वर्षभराची सरासरी गैरहजेरी आठ टक्के होती. म्हणजे ८०० तास गेले, हातात उरले ९,२००. दुसऱ्या बाजूला महिन्याच्या उत्पादनाची योजना. कुठला जॉब किती नग आणि एका नगाला किती मिनिटं, याचा गुणाकार करून बेरीज आली ९,५०० तास. तूट ३०० तासांची, आणि तेवढंच बजेट.

या पद्धतीचा फायदा असा, की आकडा वाढला किंवा घटला तर कारण बोट ठेवून दाखवता येतं. गैरहजेरी आठवरून दहा टक्क्यांवर गेली तर २०० तास आणखी जातात. ऑर्डर कमी झाली तर तूटच उरत नाही आणि ओटी देण्याचं कारणही उरत नाही.

प्रत्येक खात्याला मात्र हे गणित लागू पडत नाही. मेंटेनन्सचं काम योजनेवर नाही, बिघाडावर चालतं. तिथे गेल्या बारा महिन्यांचे आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला आकडा घेणं शहाणपणाचं, कारण एका मोठ्या बिघाडाचा महिना सरासरी उगाच फुगवतो. वार्षिक शटडाऊनचे तास वेगळे काढून ठेवायचे, नाहीतर ते दर महिन्याच्या बजेटमध्ये मुरतात. डिस्पॅचचं काम महिनाअखेरीला साचतं, म्हणून त्यांचे तासही पहिल्या तारखेपासून सारखे न वाटता शेवटच्या दहा दिवसांसाठी राखावे लागतात.

शिवाय अचानक येणाऱ्या कामासाठी ४० तास राखीव होते. पण ते कुठल्याही खात्याकडे नव्हते, प्लँट हेडच्या हातात होते. राखीव तास खात्याला दिले की ते राखीव राहत नाहीत, दुसऱ्याच आठवड्यात नेहमीच्या कामात विरघळतात.

दुप्पट दराची किंमत

एका तासाच्या ओटीला किती पैसे पडतात, हे कायद्याने ठरलेलं आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ नुसार दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम झालं, तर त्या जादा वेळेचा मोबदला नेहमीच्या दराच्या दुप्पट मिळत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतही दुप्पट दर कायम आहे आणि ओटीसाठी कामगाराची संमती लागते.

हा दुप्पट दर किती पक्का आहे, याची परीक्षा करोनाकाळात झाली. एप्रिल २०२० मध्ये गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यांना दिवसाला १२ आणि आठवड्याला ७२ तास काम घेण्याची मुभा दिली आणि जादा तासांना दुपटीऐवजी साध्या दरानेच पैसे द्यायचे ठरवलं. त्याविरुद्ध गुजरात मजदूर सभा सर्वोच्च न्यायालयात गेली. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने ती अधिसूचना रद्द केली आणि कामगारांना जादा कामाचा मोबदला कायद्याप्रमाणे द्यायला सांगितलं. साथीमुळे आलेली आर्थिक मंदी हे कामगारांचा हक्क काढून घेण्याचं कारण होऊ शकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

आपल्या नमुन्याच्या कारखान्यात एका कामगाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २०,८०० रुपये आहे असं धरू. २६ ने भागलं तर दिवसाला ८०० आणि तासाला १०० रुपये. म्हणजे ओटीचा तास २०० रुपयांचा आणि ३०० तासांचे ६०,००० रुपये.

इथे एक प्रश्न साहजिकच मनात येतो. दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा नवीन माणूस का घेऊ नये? याचं कारण म्हणजे ओटीच्या रकमेवर पीएफ नसतो, बोनस आणि ग्रॅच्युइटीच्या हिशेबातही ती धरली जात नाही. नवीन माणूस मात्र या सगळ्यासकट येतो. तो कारखान्याला महिन्याला समजा २६,००० रुपयांना पडला, तर तेवढ्या पैशात १३० तासांचा ओटी होतो. गैरहजेरी वजा करून तो माणूस महिन्याला १८४ तास देतो. म्हणजे तूट महिन्याला १३० तासांपेक्षा कमी असेल, किंवा तीन महिने आली आणि चौथ्या महिन्यात गेली, तर ओटी परवडतो. पण ३०० तासांची तूट दर महिन्याला ठरलेलीच असेल, तर दोन माणसं ५२,००० रुपयांत ३६८ तास देतात आणि ओटी ६०,००० रुपयांत ३००. अशा वेळी ओटीचं बजेट दरमहा मंजूर करत राहणं म्हणजे भरतीचा निर्णय पुढे ढकलत राहणं.

वजाबाकी नेमकी कधी करायची

आता पुन्हा अठरा तारखेच्या प्रश्नाकडे येऊ. त्या दिवसापर्यंत मशिन शॉपसाठी एकूण २३६ तास मंजूर झाले होते. त्यांपैकी १९८ तासांचं काम होऊन गेलं होतं. २४ तास पुढच्या दोन दिवसांसाठी मंजूर होते, पण काम अजून व्हायचं होतं. उरलेले १४ तास मंजूर झाले, पण प्रत्यक्षात लागलेच नाहीत. कधी कामगार थांबू शकला नाही, कधी चार तासांचं काम अडीच तासांत उरकलं.

टाईम ऑफिसने फक्त झालेलं काम मोजलं, ३०० वजा १९८, म्हणून १०२. त्यांच्या हिशेबात पुढच्या दोन दिवसांसाठी दिलेला शब्द नव्हता. इन्चार्जने मंजुरीच्या चिठ्ठ्या मोजल्या, ३०० वजा २३६, म्हणून ६४. न वापरलेले १४ तास त्याने परत जमा केलेच नव्हते. अकाउंट्स पगारात गेलेले पैसे मोजतं, आणि ते पुढच्या महिन्यात जाणार. तिघेही एकाच तासाचे तीन वेगवेगळे टप्पे मोजत होते: मंजूर झालेला, काम झालेला आणि पैसे दिलेला.

बरोबर पद्धत अशी, की मंजुरी मिळाल्याक्षणी तेवढे तास शिलकीतून वजा करायचे. काम झालं की मंजूर आकड्याच्या जागी प्रत्यक्ष झालेला आकडा घालायचा आणि फरक शिलकीत परत जमा करायचा. या हिशेबाने १९८ आणि २४ मिळून २२२ तास गेले, उरले ७८.

पण पंचिंग मशिनच्या नोंदी आणि मंजुरीच्या चिठ्ठ्या टोकन नंबरनिशी समोरासमोर ठेवल्यावर आणखी एक गोष्ट सापडली. नऊ तासांचं काम असं झालं होतं, की त्याची चिठ्ठीच नव्हती. रात्री उशिरा मशिन अडलं, सुपरवायझरने दोघांना थांबवून घेतलं आणि चिठ्ठी राहून गेली. मंजुरी नव्हती म्हणून या तासांचे पैसे नाकारता येत नाहीत. सुपरवायझरने काम करून घेतलं, म्हणजे कंपनीने करून घेतलं. म्हणून हे नऊ तासही वजा. अठरा तारखेचं खरं उत्तर होतं, ६९.

पंचची प्रत्येक जादा मिनिटं म्हणजे ओटी, असंही नाही. पाळी संपल्यावर हातपाय धुणं, कपडे बदलणं, बसची वाट पाहणं यात वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात आणि बाहेर पडताना पंच होतो. म्हणून पंच हा कामगार कारखान्यात होता याचा पुरावा, चिठ्ठी हा त्याला कामासाठी थांबवलं होतं याचा. दोन्ही जुळले की तास पक्का. सरकारनेही हाच मार्ग धरला आहे. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशींनंतर केंद्र सरकारने जून २०१८ मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांचा ओटी भत्ता बंद केला आणि ज्या कामकाजी कर्मचाऱ्यांसाठी तो चालू ठेवला, त्यांच्यासाठी दोन अटी घातल्या: थांबण्याचा वरिष्ठाचा लेखी आदेश आणि बायोमेट्रिक हजेरीशी जोड.

या हिशेबाला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक एक्सेल शीट पुरतं. प्रत्येक चिठ्ठीला एक ओळ: A रकान्यात तारीख, B मध्ये खातं, C मध्ये टोकन नंबर, D मध्ये कारण, E मध्ये मंजूर तास, F मध्ये झालेले तास आणि G मध्ये स्थिती. काम व्हायचं असेल तर `Open`, पंचशी पडताळून झालं की `Closed`. बिनचिठ्ठीच्या कामालाही ओळ मिळते, फक्त तिथे E मध्ये शून्य. एका महिन्याची एक शीट ठेवली तर शिल्लक काढायला एवढंच सूत्र लागतं:

```
=300-SUMIFS(F:F,B:B,"Machine Shop",G:G,"Closed")
    -SUMIFS(E:E,B:B,"Machine Shop",G:G,"Open")
```

शीट मात्र रोज सकाळी दहाच्या आत भरली गेली पाहिजे. आठवड्याने भरलेली शीट पुन्हा अकाउंट्सचंच उत्तर देते, फक्त थोडं लवकर.

६९ तास, पण कुणाचे?

शिल्लक ६९ आहे हे कळल्यावर प्लँट हेडने सुटकेचा निःश्वास सोडला. ग्राइंडिंगचं ५० तासांचं काम महिनाअखेरीपर्यंत उरकायचं होतं. ६९ मध्ये ५० सहज बसतात.

पण बसले नाहीत. खात्याला तास मिळतात, कायदा मात्र माणसाचे तास मोजतो. पन्नास कामगारांत ३०० तास म्हणजे माणशी सहा, हा आकडा अगदी निरुपद्रवी दिसतो. प्रत्यक्षात ओटी असा सारखा वाटला जात नाही. काम जिथे अडतं तिथे तो साचतो. या कारखान्यात काम ग्राइंडिंगवर अडत होतं आणि ते मशिन चालवता येणारे कामगार होते तिघेच.

१९४८ च्या कायद्यात एका कामगाराला एका तिमाहीत जास्तीत जास्त ५० तास ओटी आणि कामाचा विशेष दबाव असेल तर परवानगीने ७५ तास, अशी मर्यादा होती. महाराष्ट्राने ती ११५ पर्यंत वाढवली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १४४ पर्यंत नेण्याचा निर्णय घेतला, त्यासाठी कामगाराची लेखी संमती आवश्यक ठेवून. आपल्या कारखान्याला आज नेमकी कुठली मर्यादा लागू आहे, हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून खात्री करून घ्यावं. इथल्या हिशेबासाठी ११५ धरू. तिमाही जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला सुरू होते, म्हणजे सप्टेंबर हा तिमाहीचा शेवटचा महिना. जुलै-ऑगस्टमध्ये जे झालं त्याचा भार याच महिन्यावर येतो.

तिघांपैकी सर्वांत अनुभवी कामगाराने जुलैत ३८, ऑगस्टमध्ये ४१ आणि सप्टेंबरच्या अठरा तारखेपर्यंत, मंजूर झालेले धरून, २७ तास ओटी केला होता. बेरीज १०६. त्याच्याकडे उरले फक्त नऊ. दुसऱ्याकडे ११, तिसऱ्याकडे १४. तिघांचे मिळून ३४. खात्याच्या शिलकीत ६९ तास असूनही ग्राइंडिंगसाठी ५० मिळत नव्हते, १६ कमी पडत होते.

म्हणून खात्याच्या शिलकीशेजारी टोकन नंबरनिहाय तिमाहीची शिल्लकही दिसायला हवी, आणि मंजुरीच्या वेळी दोन्ही तपासायला हव्यात. खात्यात तास आहेत पण माणसाकडे नाहीत, तर चिठ्ठी सही होता कामा नये. ११५ च्या मर्यादेत ९० तासांवर इशारा ठेवला, तर इन्चार्जला दुसरा माणूस शोधायला दोन-तीन आठवडे तरी मिळतात. या कारखान्यात तो इशारा नव्हता. शेवटी शेजारच्या लाईनवरच्या एका सेटरला पहिल्या पाळीत ग्राइंडिंगवर बसवलं, सोपे जॉब त्याच्याकडे दिले आणि अवघड जॉब त्या तिघांसाठी राखले. त्यामुळे १६ तासांची तूट ओटीशिवायच भरून निघाली. हाच उपाय जुलैत केला असता, तर ऑगस्टमध्ये एकाच माणसाला ४१ तास थांबावं लागलं नसतं.

बजेट कुठे गळतं

बजेट कागदावर पाळलं जातंय आणि प्रत्यक्षात गळतंय, हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. पहिली खूण तारखांची. चिठ्ठीवरची मंजुरीची तारीख काम झाल्यानंतरची असेल, तर ती मंजुरी नाही, नोंद आहे. रात्रीच्या अचानक बिघाडात असं होणारच, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची सवलत ठेवावी लागते. पण महिन्याच्या दर चार चिठ्ठ्यांतली एक मागाहून आलेली दिसू लागली, तर त्या खात्यात मंजुरीचा नियम उरलेला नाही असं समजावं.

दुसरी खूण सारखेपणाची. एखाद्या खात्यात प्रत्येक महिन्याला, प्रत्येक कामगाराच्या नावावर जवळपास तेवढेच तास दिसत असतील, तर तो ओटी कामाच्या गरजेतून येत नाही. "या महिन्यात वापरले नाहीत तर पुढच्या महिन्यात कापतील" या धास्तीने इन्चार्ज उरलेले तास शेवटच्या आठवड्यात वाटून टाकतो. हळूहळू ते पैसे पगाराचा भाग होतात. कामगार त्या हिशेबाने घराचं किंवा दुचाकीचं कर्ज घेतो, आणि मग दिवसाच्या पाळीत काम थोडं रेंगाळू लागतं, कारण संध्याकाळी ते उरायला हवं असतं. यात दोष एकट्या कामगाराचा नाही. न वापरलेल्या तासांची शिक्षा म्हणून पुढचं बजेट कापणाऱ्या व्यवस्थापनाचाही तो आहे. बजेट दर महिन्याला योजनेवरून नव्याने काढलं, तर ही भीती निघून जाते.

तिसरी गळती दिसायला सर्वांत अवघड. खात्याचे तास संपले की काम कंत्राटी कामगारांकडे वळतं. त्यांचा ओटी कंत्राटदाराच्या बिलात येतो आणि ते बिल वेगळ्या खर्चाखाली जातं. मशिन शॉपचं बजेट ३०० वर थांबलेलं दिसतं, काम मात्र ३८० तासांचं झालेलं असतं. कारखान्यात काम करणारा कंत्राटी माणूसही कायद्याने कामगारच आहे, दुप्पट दर आणि तासांची मर्यादा त्यालाही लागू आहे. म्हणून शीटमध्ये त्याचीही ओळ त्याच खात्याखाली हवी.

चौथा प्रकार थेट कायदा मोडणारा. बजेट संपलं म्हणून ओटीच्या बदल्यात "एक दिवस सुट्टी घे" असं सांगितलं जातं. कारखान्यांच्या कायद्यात बदली सुट्टी आहे, पण ती साप्ताहिक सुट्टी बुडाल्याबद्दल. जादा तासांच्या दुप्पट मोबदल्याच्या जागी ती चालत नाही. बजेट हा कंपनीने स्वतःसाठी आखलेला नियम आहे. तो पाळण्यासाठी झालेलं काम हजेरीबाहेर ठेवलं, तर अपघाताच्या वेळी तो माणूस कारखान्यात होता हे सिद्ध करणंही कठीण होऊन बसतं.

कारणाचा रकाना

सप्टेंबर संपला तेव्हा मशिन शॉपचे ३३८ तास झाले होते. ३०० स्वतःचे आणि ३८ प्लँट हेडच्या राखीव तासांतून. अनेक कारखान्यांत आढावा इथेच संपतो: बजेटपेक्षा ३८ तास जास्त, इन्चार्जने खुलासा द्यावा.

पण शीटमध्ये D हा रकाना होता. त्यावरून बेरजा काढल्या तेव्हा गैरहजेरीमुळे १२१ तास, कास्टिंग उशिरा आल्यामुळे १०४, ग्राहकाच्या वाढीव ऑर्डरमुळे ७८ आणि रीवर्कमुळे ३५ तास गेलेले निघाले. ओटीची कारणं अशा चार-पाच ठरलेल्या शब्दांतच लिहून घ्यावीत. "तातडीचं काम" असा पर्याय ठेवला, की महिनाअखेरीला सगळे तास त्याच्याखाली जमा होतात आणि रकाना निकामी होतो.

या चार आकड्यांत सर्वांत बोलका आकडा १०४ चा. कास्टिंगची गाडी सकाळी आठला यायची ती दुपारी दोनला येत होती. पहिल्या पाळीत मशिनं उभी आणि संध्याकाळी तीच माणसं दुप्पट दराने थांबलेली. त्यासाठी गेले २०,८०० रुपये, म्हणजे एका कामगाराचा पूर्ण महिन्याचा पगार. हा खर्च मशिन शॉपच्या नावावर पडला, पण तो वाचवणं मशिन शॉपच्या हातात नव्हतं. खरेदी खात्याच्या हातात होतं. काही कंपन्या अशा वेळी तास कारण घडवणाऱ्या खात्याच्या नावावर टाकतात. त्यातून खात्याखात्यांत भांडणंही होतात, कारण गाडी उशिरा आली की ऑर्डरच उशिरा दिली, यावर प्रत्येकाचं म्हणणं वेगळं असतं. त्यापेक्षा तास जिथे झाले तिथेच ठेवून, आढाव्याला खरेदीच्या प्रमुखाला बोलावणं जास्त उपयोगी पडतं.

गैरहजेरीच्या १२१ तासांत नवल काही नव्हतं, बजेट मुळात त्यासाठीच होतं. रीवर्कचे ३५ तास क्वालिटीच्या बैठकीत गेले. ऑर्डरच्या ७८ तासांची किंमत ग्राहकाकडून वसूल करता येईल का, हे विक्री विभागाने पाहायचं ठरलं. ऑक्टोबरचं बजेट काढताना कास्टिंगच्या गाडीची वेळ सकाळी साडेसातची ठरवून घेतली, आणखी दोघांना ग्राइंडिंग शिकवायला सुरुवात झाली, आणि मशिन शॉपला २४० तास मिळाले. हे ६० तास नुसतेच कापलेले नव्हते. ते कुठून कमी होणार, हे आधी लिहिलेलं होतं.

कामगाराच्या बाजूने या सगळ्या हिशेबाचा एकच कागद महत्त्वाचा, पगाराची चिठ्ठी. तिच्यावर ओटीचे तास आणि त्याची रक्कम मूळ पगारापासून वेगळी दिसली पाहिजे. रकमेला तासांनी भागून येणारा दर नेहमीच्या तासाच्या दराच्या दुप्पट भरला पाहिजे. तो भरत नसेल, किंवा थांबलेले तास चिठ्ठीवर कमी दिसत असतील, तर कामगाराने आपल्याकडच्या मंजुरीच्या चिठ्ठीची प्रत घेऊन त्याच आठवड्यात टाईम ऑफिस गाठावं. आणि अशी प्रत मिळत नसेल, तर पुढच्या वेळी थांबण्याआधी ती मागून घ्यावी.